सामानासह भाड्याने दिलेल्या सदनिकेची ताबा-यादी

कोथरूड, पुणे येथील सदनिका क्र. 204 चा ताबा घरमालकांनी भाडेकरूंना दि. 1 जून 2025 रोजी दिला असून, 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारास ही यादी परिशिष्ट म्हणून जोडली आहे.

1. बैठकीची खोली: तीन आसनी सोफा 1, पंखे 2 व टीव्ही रिमोटसह चालू स्थितीत आहे. सोफ्याच्या उजव्या हातावर बोटभर लांबीची चीर आधीपासूनच आहे.

2. झोपण्याची खोली: डबलबेड, गादी व दोन किल्ल्यांचे लोखंडी कपाट आहे. एसी चालतो.

3. स्वयंपाकघर: फ्रिज, तीन बर्नरची शेगडी, सिलिंडर 1 व पाण्याचा फिल्टर आहे. फ्रिजचा भाजीचा कप्पा तडकलेला आहे, ओट्याच्या कडेचा टवका उडालेला आहे आणि शेगडीचा मधला बर्नर मंद पेटतो. या तिन्ही गोष्टींचा खर्च भाडेकरूंकडून घेतला जाणार नाही.

4. न्हाणीघर: गीझर चालू आहे; नळ गळत नाहीत.

5. मुख्य दाराच्या 3 किल्ल्या दिल्या. वीजमीटरची नोंद 4,812 युनिट आहे.

वापराने होणारी नेहमीची झीज नुकसान धरली जाणार नाही. मात्र हरवलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूची दुरुस्ती अथवा चालू बाजारभावाने होणारी किंमत, पावती दाखवूनच, अनामत रकमेतून वळती करता येईल. आज नजरेस न आलेला दोष भाडेकरूंनी सात दिवसांत फोटोसह लेखी कळवावा.

प्रत्येक वस्तू उभयतांनी समक्ष पाहून, विजेची उपकरणे चालवून, दोन प्रतींवर सह्या केल्या.

सही/- घरमालक
सही/- भाडेकरू