व्यावसायिक सारांश : क्षेत्रीय विक्री व्यवस्थापक (विद्युत तारा व स्विचगिअर), मुंबई-ठाणे विभाग या पदासाठी

मी गेली सुमारे बारा वर्षे मुंबईत विद्युत साहित्याची विक्री करीत आहे. त्यांपैकी एप्रिल २०१७ पासूनचा काळ एकाच कंपनीत गेला असून, एप्रिल २०२१ पासून अंधेरी ते दहिसर हा पश्चिम उपनगरांचा पट्टा आणि त्याला लागून असलेले मीरा-भाईंदर माझ्या जबाबदारीखाली आहे. या पट्ट्यात आज पाच वितरक व तीन विक्री प्रतिनिधी माझ्यासोबत काम करतात. या सारांशातील सर्व आकडे ३१ मार्च २०२५ पर्यंतचे आहेत. विक्रीचा प्रत्येक आकडा हा कंपनीने वितरकांना आणि थेट ग्राहकांना केलेल्या बिलांचा असून, त्यातून परत आलेला माल आणि जीएसटी वजा केलेला आहे.

गेल्या चार आर्थिक वर्षांत दोनदा मी उद्दिष्ट ओलांडले आणि दोनदा ते गाठू शकलो नाही. २०२१-२२ मध्ये १४ कोटी रुपयांच्या उद्दिष्टासमोर १३.१६ कोटींची विक्री झाली, म्हणजे ९४ टक्के. २०२२-२३ मध्ये १५.५० कोटींसमोर १६.१२ कोटी (१०४ टक्के), २०२३-२४ मध्ये १८ कोटींसमोर १८.५४ कोटी (१०३ टक्के) आणि २०२४-२५ मध्ये २१ कोटींसमोर १९.७४ कोटी (पुन्हा ९४ टक्के) अशी विक्री झाली. चारही वर्षे एकत्र धरली तर ६८.५० कोटींच्या उद्दिष्टासमोर ६७.५६ कोटी, म्हणजे ९८.६ टक्के होतात. उद्दिष्ट सातत्याने ओलांडणारा विक्रेता अशी माझी ओळख करून देणे म्हणूनच बरोबर ठरणार नाही.

पहिल्या वर्षीची तूट बऱ्याच अंशी एप्रिल-मे २०२१ मधल्या निर्बंधांमुळे आली, कारण त्या काळात अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद होती. २०२४-२५ ची तूट मात्र अधिक तपशिलाने सांगायला हवी. मे २०२४ मध्ये जागतिक बाजारात तांब्याने टनामागे दहा हजार डॉलरची पातळी ओलांडली. तारांची दरपत्रके वर जाणार हे दिसताच वितरकांनी आणि मोठ्या दुकानदारांनी आधीच माल उचलला, त्यामुळे पहिल्या तिमाहीत ५ कोटींच्या जागी ५.४५ कोटींची बिले झाली. पुढे तांबे उतरू लागल्यावर भरलेल्या गोदामांवर कोणी नवी मागणी नोंदवेना, आणि दुसऱ्या तिमाहीत ५.१० कोटींसमोर केवळ ४.०८ कोटी हाती आले. पहिल्या तिमाहीची वाढ ही पुढच्या तिमाहीतून उसनी घेतलेली आहे, हे मला तेव्हाच ओळखता यायला हवे होते आणि वरिष्ठांना तसे लेखी कळवायला हवे होते. ते मी केले नाही. उरलेल्या सहा महिन्यांत आणखी ६९ लाखांची तूट पडली. तिचे मुख्य कारण असे की, एमसीबी आणि वितरण पेट्यांची नवी मालिका बोरिवली-दहिसर भागातील दोन वितरकांच्या गोदामात पुरेशी ठेवून घेण्यात मला उशीर झाला.

त्याच वर्षी मार्चच्या अखेरच्या आठवड्यात वितरकांवर आणखी ७० लाखांचा माल टाकण्याचा मार्ग मोकळा होता. तसे केले असते तर वर्षाचा आकडा ९७ टक्के दिसला असता, पण वितरकांकडचा ३४ दिवसांचा साठा सुमारे ४७ दिवसांवर गेला असता आणि एप्रिल-मे महिने मालाची परतफेड व थकलेली देणी यांत गेले असते. माझ्या वरिष्ठांशी बोलून आम्ही तो माल टाकला नाही. प्रोत्साहन रक्कम त्यामुळे कमी मिळाली, तरीही हा निर्णय मी आजही योग्य मानतो. एप्रिल २०२१ मध्ये हे क्षेत्र हाती घेतले तेव्हा वितरकांकडे ३६ दिवसांचा साठा होता. चार वर्षांतील वाढ गोदामांत साचलेली नाही, हे या दोन आकड्यांवरून पडताळता येईल.

तारांच्या धंद्यात रुपयांतील वाढ एकटी पाहिली तर ती दिशाभूल करते, कारण तांब्याचा भाव आणि डॉलरचा दर वाढला की विक्रेत्याने काही न करताही उलाढाल फुगते. माझ्या क्षेत्रातील तारांची वार्षिक विक्री चार वर्षांत ८.७० कोटींवरून १३.०५ कोटींवर गेली, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढली. बंडले मोजली तर हीच वाढ ५८,००० वरून ७२,५०० इतकी, म्हणजे २५ टक्के आहे. उरलेला भाग दरवाढीचा आणि जाड तारांकडे वळलेल्या मागणीचा आहे. माझ्या कामाचे मोजमाप म्हणून २५ टक्के हाच आकडा धरावा, अशी माझी विनंती आहे. (उपनगरांत जुन्या गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास जोरात असल्याने मागणीला बाजाराचाही हातभार होता, हेही त्यात आले.)

क्षेत्राचा विस्तार मी नोंदणीकृत दुकानांवरून मोजत नाही. आमच्या यादीत ७६० दुकाने आहेत, परंतु मागील तीन महिन्यांत किमान एक बिल झालेली दुकाने ५३८ आहेत. २०२१ मध्ये ती ४१२ होती. नव्याने सुरू झालेल्या १२६ दुकानांपैकी ५७ मीरा-भाईंदरमधील आहेत. तिथे पूर्वी बोरिवलीच्या वितरकाचा टेम्पो आठवड्यातून दोनदाच जात असे आणि छोट्या दुकानदाराला चार बंडलांसाठी तीन दिवस थांबावे लागे. २०२२ मध्ये तिथे स्वतंत्र वितरक नेमण्यासाठी मी सात महिने घालवले, दोन उमेदवार नाकारले आणि तिसऱ्याची निवड करताना भांडवलापेक्षा त्याच्या स्वतःच्या डिलिव्हरीची व्यवस्था अधिक पाहिली. भाईंदरची वाढ प्रामुख्याने याच एका निर्णयातून आली आहे.

उपनगरांत विद्युत साहित्य विकणाऱ्या प्रत्येकाला लोहार चाळीच्या घाऊक बाजाराचा विचार करावाच लागतो. तिथून निघालेला आमचाच माल कांदिवली-बोरिवलीच्या काउंटरवर दोन-तीन टक्के स्वस्तात येतो, आणि स्थानिक वितरक साहजिकच चिडतो. दर तोडून ही घुसखोरी थांबत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी दुपारी बारापर्यंत आलेली मागणी त्याच दिवशी पोहोचवणे, जीएसटीचे पक्के बिल वेळेवर पोर्टलवर दिसेल हे पाहणे आणि योजनांच्या क्रेडिट नोटा लवकर मिळवून देणे, या तीन गोष्टींवर मी भर दिला. क्रेडिट नोट मिळायला लागणारा सरासरी काळ ७४ दिवसांवरून ३१ दिवसांवर आला. दुकानदाराचा विश्वास माझ्या मते सर्वाधिक इथेच टिकतो किंवा तुटतो, कारण जाहीर केलेली योजना ही त्याच्या लेखी दिलेला शब्द असते.

२०१७ मध्ये अंधेरी-गोरेगावच्या काउंटरवर काम करताना हे मला पहिल्यांदा नीट समजले. १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि १५ नोव्हेंबर २०१७ पासून तारा, स्विच, प्लग यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चढ्या कराने घेतलेल्या मालात आपले पैसे बुडाले, अशी अनेकांची समजूत झाली होती. ज्यांनी माल कराच्या बिलाने घेतला होता त्यांना भरलेल्या कराचे क्रेडिट मिळणारच होते आणि ते पुढच्या विक्रीवरील करातून वळते होणार होते; दुकानोदुकानी वह्या उघडून, गरज पडेल तिथे त्यांच्या कर सल्लागारासमोर बसून, मी हे आकड्यांनिशी दाखवले. त्या दोन महिन्यांत माझी विक्री फारशी झाली नाही, पण त्यांतील बरीच दुकाने आजही माझ्याकडे नियमित बिल करतात. या भागातील अनेक दुकाने गुजराती, कच्छी आणि मारवाडी कुटुंबांची आहेत. मराठी व हिंदीबरोबर मी गुजराती चांगली बोलतो, आणि कुटुंबाची दुसरी पिढी दुकानात येऊ लागली की तिच्याशी स्वतंत्रपणे ओळख करून घेतो.

२०२१ मधील चार वितरकांपैकी तीन आजही सोबत आहेत. चौथा मुदतवाढीच्या वादातून गेला आणि त्याच्या जागी नवा मिळायला पाच महिने लागले. वायरमन मंडळींच्या २६ बैठका मी चार वर्षांत घेतल्या. त्यांतून ६४० जणांची नोंदणी झाली, पण कूपन नियमित वापरणारे २९० आहेत आणि मी तेवढेच मोजतो. मालाड येथील एका इमारतीत आमच्या तारेच्या आवरणाबद्दल तक्रार आली तेव्हा तपासणीचा अहवाल येईपर्यंत काम थांबू नये म्हणून ३८ बंडले त्याच दिवशी बदलून दिली आणि नमुने आयएस ६९४ नुसार चाचणीला पाठवले. अहवालात दोष आमचाच निघाला, आणि तो अहवाल मी त्या वायरमनला स्वतः नेऊन दाखवला.

वसुलीचा सरासरी काळ ५८ दिवसांवरून ४३ दिवसांवर आला आहे. या चार वर्षांत एक रक्कम बुडाली : कांदिवलीतील पुनर्विकासाचे काम घेतलेल्या एका ठेकेदाराकडे ६.४० लाख रुपये अडकले, त्यांपैकी ४.१५ लाख वसूल झाले आणि २.२५ लाख सोडून द्यावे लागले. जुनी ओळख आहे म्हणून त्याची उधारीची मर्यादा वाढवण्याची शिफारस मीच केली होती. तेव्हापासून थेट बिल होणाऱ्या ठेकेदाराची मर्यादा वाढवताना मी मागील सहा महिन्यांचा खातेउतारा पाहिल्याशिवाय सही करत नाही.

मोठ्या प्रकल्पांचा माझ्या विक्रीतील वाटा केवळ ११ टक्के आहे. सरकारी निविदा आणि ऑनलाइन विक्री यांचा मला थेट अनुभव नाही. ठाण्यापलीकडचा बाजार मला ग्राहक म्हणून माहीत आहे, विक्रेता म्हणून नाही. त्यामुळे नव्या पदावर पहिली तिमाही तिथल्या काउंटरवर उभे राहण्यात जाईल, हे गृहीत धरावे.

पडताळणीसाठी चारही वर्षांची उद्दिष्टपूर्तीची पत्रे आणि प्रोत्साहन रकमेची नोंद असलेल्या वेतनपावत्या मी मुलाखतीत मूळ स्वरूपात दाखवीन. दोन वितरकांनी आपल्या खातेउताऱ्यांतील माझ्या काळातील वार्षिक बेरजा आणि क्रेडिट नोटांच्या तारखा दाखवण्यास संमती दिली आहे. कंपनीची दरपत्रके, ग्राहकयाद्या आणि अंतर्गत अहवाल मी आणणार नाही व नंतरही वापरणार नाही. सध्याच्या वरिष्ठांशी संपर्क लेखी प्रस्तावानंतरच करावा. माझे आधीचे वरिष्ठ, जे २०२३ मध्ये कंपनीतून निवृत्त झाले, त्यांच्याशी मात्र कधीही बोलता येईल. मी मुंबई विद्यापीठाचा वाणिज्य पदवीधर (२०१३) असून माझा सूचना कालावधी ६० दिवसांचा आहे.