९ की १

मुंजाजी शिपायाने कागदांचे बस्ते उघडून एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढला होता. जमिनीच्या जुन्या नोंदी, १९५४ च्या खासरा पत्रकाची ६१२ पानं, IMG_0001 पासून पुढे. पण कुठलं गाव कुठल्या फोटोत, हे कुणालाच माहीत नव्हतं.

शारदाने एक्सेल उघडलं. गाव, सर्वे नंबर, खातेदार, एकर, गुंठे, बस्ता, फोटो. दोन दिवसांत तिला एक रकाना वाढवावा लागला. एकाच माणसाला एका पानावर तुळशीराम, दुसऱ्यावर तुळसीराम लिहिलेलं. म्हणून पानावर जसं आहे तसं एका रकान्यात आणि शोधायला सोपं नाव शेजारच्या रकान्यात. जुन्या माणसाचं अक्षर आपण सुधारायचं नाही, हा तिचा नियम.

वाचता येईना, तिथे ती अंदाजाने काही भरत नसे. शेऱ्यात "अस्पष्ट" लिहून पुढे जाई. सोबतचे म्हणत, "ताई, टाका काहीतरी, कोण बघतंय?" तिला ते पटत नसे. ज्याची जमीन आहे, तो बघतोच.

एके दुपारी धोतर नेसलेले एक काका खिडकीशी आले. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

"म्याडम, चौथी खेप हाय. माझ्या बापाचं नाव बघा की. नामदेव."

तिने Ctrl+F दाबून "नामदेव" टाकलं. काकांच्या गावचा एकच निघाला. IMG_0347, बस्ता १४. शेऱ्यात तिचंच "अस्पष्ट".

तिने फोटो मोठा केला. एकराच्या रकान्यात कसरीने अंकाची शेपटी खाल्ली होती. १ म्हणावा तर १, ९ म्हणावा तर ९.

"नऊ एकर हाय आमची," काका म्हणाले. मग थांबून, हळूच, "बाप तसं सांगायचा."

सांगण्यावर नोंद होत नाही. पण पानाच्या तळाशी त्या जुन्या लेखनिकाने बेरीज मांडली होती, आणि ती स्पष्ट होती: २१ एकर ७ गुंठे. पानावर खातेदार तीन. एकाचे ४ एकर १२ गुंठे, दुसऱ्याचे ७ एकर ३५. गुंठे ४७ झाले, चाळीसला एक एकर धरला, म्हणजे १२ एकर ७ गुंठे. उरले ९ एकर, वर एक गुंठाही नाही. अंक १ असता, तर बेरीज १३ एकर ७ वर थांबली असती.

तिने कागदावर पुन्हा एकदा करून पाहिलं. मग कागद काकांपुढे सरकवला.

काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ९ वर बोट ठेवलं. "ह्योच का?"

"हाच, काका."

त्यांनी बोट बराच वेळ उचललं नाही.

ते गेल्यावर शारदाने "अस्पष्ट" खोडलं नाही. त्यापुढे लिहिलं: "पानाच्या बेरजेवरून ९. मूळ पान बस्ता १४ मध्ये पाहावे." मग IMG_0348 उघडला.