खिडक्या कशाला लावल्या गं?

बसा, बसा. मी येताना पाहिलं, कुणीतरी धावत जाऊन तिकडच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. कशाला लावल्या गं? मुलं मैदानावर आहेत, ती काही कान लावून बसलेली नाहीत. आणि बसली असती तरी चाललं असतं. शनिवारी त्यांना सर हेच सांगणार आहेत. उघडा त्या. मे महिना नसला तरी पुण्याची दुपार ती दुपारच.

गेले आठ दिवस जिन्याखाली मी खडूचा रिकामा डबा ठेवला होता. नाव न घालता प्रश्न टाका म्हटलं होतं. 43 चिठ्ठ्या निघाल्या. एकीत 'उद्या गणिताची परीक्षा पुढे ढकला' असं आहे, ती बाईंकडे पोचवते. बाकीच्या पाळीबद्दलच्या. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्यांत 'पाळी' हा शब्दच नाही. 'अडचण', 'प्रॉब्लेम', 'ते', 'बाहेरचं', एकीनं तर नुसती तीन टिंबं काढलीत. माझ्या आजीच्या वेळी म्हणायचे, कावळा शिवला. बिचारा कावळा! आज आपण पाळी म्हणू या. दोन अक्षरांचा शब्द आहे, तोंड भाजत नाही.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: हे घाण रक्त असतं का, आणि ते बाहेर पडलं नाही तर अंगात साठतं का?

नाही. आठवीच्या मुलींनाही कळेल असं सांगते. ओटीपोटात आपल्या मुठीएवढं गर्भाशय असतं. दोन्ही बाजूंना अंडाशयं. त्यातून साधारण महिन्याला एक अंडं बाहेर पडतं. गर्भ राहिलाच तर त्याला रुजायला जागा हवी, म्हणून गर्भाशय आतून एक मऊ अस्तर तयार करतं. मुलीचं लग्न ठरेल म्हणून मांडव घालून ठेवावा तसं. यंदा नाही ठरलं, तर मांडव उतरवतात. पाळी म्हणजे तो उतरवलेला मांडव: थोडं रक्त, थोडं अस्तर, थोडा चिकट स्राव. रक्त तेच, जे गुडघा फुटल्यावर येतं. शरीरात कुठेही 'घाण रक्ताची' वेगळी टाकी नसते. नको ते पदार्थ गाळून टाकायला मूत्रपिंडं आहेत, यकृत आहे, ती त्यांचं काम रोज करतात.

आणि किती जातं? पाहताना वाटतं बादलीभर. खोकल्याच्या औषधाला दहा मिलिलिटरचं झाकण असतं ना, तशी तीन-चार झाकणं, तीही सगळ्या दिवसांची मिळून. 80 मिलिलिटरच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त म्हणतात. आता ते मोजणार कसं? तर तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं ओळीनं दोन-तीन तास चाललंय, मोठमोठ्या गाठी पडताहेत, सात-आठ दिवस थांबतच नाही, असं झालं की आईला घेऊन डॉक्टरकडे जायचं. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते. तुमच्या वयात 21 दिवसांनी येवो की 45, दोन्ही ठीक. एका चिठ्ठीत आहे, 'माझ्या वर्गात सगळ्यांना आली, मला अजून नाही.' अगं, सगळ्यांना आलेली नाही, सगळ्या तसं सांगतात. पंधरा पूर्ण होऊनही आली नाही तर दाखवून घ्यायचं, तोवर निवांत राहा.

आता ही चिठ्ठी, जशीच्या तशी वाचते. 'पाळीचा कपडा सापाने ओलांडला तर मूल होत नाही हे खरं का?'

हसू नका. हे मी लहानपणी जुन्नरकडच्या आमच्या गावात ऐकलंय आणि घाबरलेयसुद्धा. त्या भीतीनं आम्ही काय करायचो, ऐका. कपडा धुवायचा तो अंधारात, कुणी बघू नये म्हणून. वाळत घालायचा तो पत्र्याच्या पेटीमागे, नाहीतर परकराच्या आत. ऊन नाही, वारा नाही. ओलसर, कोंदट कपडा पुढच्या महिन्यात तसाच घ्यायचा. मग खाज, पुरळ, अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग. सापाला आमच्या कपड्याशी काय करायचंय? बाईला त्रास झाला तो लपवण्यामुळे. म्हणून या चिठ्ठीवर मी इतकी थांबले.

तुमच्यापैकी कुणी कापड वापरत असेल तर लाज वाटून घेऊ नका, सुती कापड उत्तम असतं. फक्त आधी गार पाण्यात धुवा, गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण, आणि मग दोरीवर, चक्क उन्हात. बाल्कनी रस्त्याकडे असेल तर वर एखादी पातळ ओढणी टाका, पण ऊन लागू दे. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायचं, कमी रक्त असलं तरी. आपली सकाळची शाळा. सहाला लावलेलं पॅड साडेबाराला घरी जाईपर्यंत तसंच, असं किती जणी करता? हात वर करू नका, मला माहीत आहे. वास येतो तो यामुळे. रक्ताला मुळात फारसा वास नसतो. हवा, घाम आणि जंतू मिळाले की येतो. त्यावर सुगंधी पॅड किंवा फवारा हा उपाय नाही, उलट त्वचा चरचरते. बाहेरून साधं पाणी पुरे, आणि धुताना हात पुढून मागे न्यायचा. आत साबण अजिबात नाही. पॅड बदलण्याआधी हात धुवायचे आणि नंतरही. नंतरचं सगळ्या करतात, आधीचं कुणी करत नाही.

टाकायचं कसं? कमोडमध्ये कधीच नाही. रद्दी पेपरात घट्ट गुंडाळायचं आणि वर लाल पेनानं एक ठिपका काढायचा. हा लाल ठिपका आपल्या पुण्यातल्याच 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताईंनी मागितलेला आहे. कचरा हातानं वेगळा करणाऱ्या बाईला उघडं पॅड हातात यावं, हे मला तरी पाळीच्या सगळ्या विटाळांपेक्षा मोठं घाणेरडं वाटतं.

बरं, आता विटाळ. लोणचं नासतं का? तुळस वाळते का? पापड लाल होतात का? लोणचं नासतं ते ओला चमचा घातल्यानं, मीठ कमी पडल्यानं, फोडींच्या वर तेल न राहिल्यानं. बुरशीला बरणीत ओल लागते. चमचा कुणी धरलाय, याची ती चौकशी करत नाही. तुळशीला मी पंचवीस वर्षं रोज पाणी घालते, महिन्याचे तीसही दिवस. मेली ती एकदाच, आम्ही कोकणात गेलो आणि शेजाऱ्यांना सांगायचं राहिलं तेव्हा.

देवाचं काय, असं सोळा चिठ्ठ्यांत आहे. आरतीला उभं राहावं का, गणपतीत आली तर? विज्ञानाचं उत्तर सोपं आहे, काहीही होत नाही. पण तुम्ही विज्ञान विचारत नाही आहात, मला कळतंय. तेव्हा दोन गोष्टी सांगते. सातशे वर्षांपूर्वी चोखोबांची पत्नी सोयराबाई हिनं अभंगातून विचारलं होतं, की विटाळावाचून निर्माण झालेला देह जगात आहे तरी कुठे? आणि दरवर्षी पालख्या आपल्या पुण्यात मुक्कामाला येतात, तुम्ही पाहायला जाता. हजारो बायका अठरा-वीस दिवस चालतात. त्यातल्या कितीजणींची पाळी वाटेतच येत असेल, हिशेब करा. नववीच्या मुलींना जमेल. त्या काही परत फिरत नाहीत. मी स्वतः आरती करते. तुमच्या घरी काय करायचं ते मी इथून ठरवणार नाही.

आजीशी आज संध्याकाळीच भांडायला जाऊ नका. आमच्याकडे मी तीन दिवस गोणपाटावर बसायचे. खरं सांगू? पाणी भरायला लागायचं नाही, ते मला आवडायचं. आजीलाही तेवढीच विश्रांती मिळायची बहुतेक. विश्रांती हवी तर जरूर घ्या, गरम पाण्याची पिशवी घेऊन पडा. पण ताट लांबून सरकवलं जायचं आणि धाकटा भाऊ 'ही शिवली' म्हणून ओरडायचा, ते अजून आठवतं. विश्रांतीसाठी माणसाला अस्पृश्य करावं लागत नाही. एवढं आजीला गोड बोलून, हळूहळू सांगता येतं. माझ्या आजीला पटायला अकरा वर्षं लागली.

एका गोष्टीत मात्र गोड बोलायचं नाही. घरात पूजा आहे म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी शेजारच्या काकूंनी दिली, मेडिकलमधून कुणी आणून दिली, तर घ्यायची नाही. ती हार्मोनची गोळी आहे. डॉक्टरांनी तुम्हाला तपासल्याशिवाय ती पोटात जाता कामा नये.

पोटात दुखतं ते का? अस्तर बाहेर ढकलायला गर्भाशय आकुंचन पावतं, हातापायात गोळा येतो ना तसं. शेक, थोडं चालणं, याने बरं वाटतं. खो-खो खेळलात तरी चालतं, केस धुतलेत तरी चालतं. पण दर महिन्याला शाळा बुडावी इतकं दुखत असेल तर 'बाईच्या जातीला सहन करावंच लागतं' हे ऐकून घेऊ नका, दाखवा.

आणि ती निळी गोळी! दर आठवड्याला शाळेत लोहाची मिळते आणि मला नंतर ती कुंडीत सापडते. शोभेच्या झाडांना लोह कमी नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि तुमचं तर दर महिन्याला थोडं जातंही. जेवणानंतर घ्या, मळमळणार नाही. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. पालेभाजीवर लिंबू पिळा, शेंगदाणा-गूळ खा, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

शेवटची चिठ्ठी: 'शाळेत अचानक आली तर काय करायचं?' मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर हिरवं कपाट आहे. त्यात पॅड, रद्दी पेपर आणि लाल पेन असेल, सोमवारपासून कुलूप नाही. स्कर्ट खराब झाला तर मावशींकडे दोन जादा स्कर्ट आहेत, धुऊन परत आणायचे. वर्गात सर असले तरी उठायचं आणि 'सर, पाळी आली आहे, जाऊन येते' म्हणायचं. सरांना मी सांगून ठेवलंय. नाहीच जमलं तर नुसतं 'जाऊन येते' म्हणा, तेही चालेल.

घंटा झाली. डबे खाऊन घ्या. आणि ज्या मुलीनं तीन टिंबं काढली आहेत, तिचा प्रश्न मला वाचताच आला नाही. तिनं सुट्टीत स्टाफरूममध्ये यावं, मी एकटीच असेन.