हाताने फिरवायच्या डायनॅमोची शक्ती किती? विज्ञान प्रदर्शन प्रकल्प अहवाल

इयत्ता नववी, ऐरोली, नवी मुंबई

हँडल फिरवलं की बल्ब लागतो, हे प्रदर्शनात दरवर्षी कोणी ना कोणी दाखवतंच. आम्हाला त्यापुढचं हवं होतं. हाताने घातलेल्या शक्तीपैकी बल्बपर्यंत किती पोहोचते आणि उरलेली कुठे जाते, हे आम्ही मोजायचं ठरवलं.

लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टची, मिनिटाला १०० फेऱ्यांची गिअर असलेली डीसी मोटर आणली. मोटरचा दांडा बाहेरून फिरवला की तीच डायनॅमो होते: आतली कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात फिरते आणि तिच्यात वीज प्रेरित होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. पांढऱ्या एलईडी समांतर जोडल्या आणि प्रत्येकीला २२० ओहमचा रोध लावला. एलईडीतून एकाच दिशेने धारा वाहते, आणि उलटा दाब जास्त झाला तर ती खराब होऊ शकते, म्हणून हँडलवर फिरवण्याच्या दिशेचा बाण रंगवला.

वेग सारखा राहिला नाही तर मोजमापाला अर्थच नाही. म्हणून मोबाइलवर मेट्रोनोम लावून प्रत्येक ठोक्याला एक फेरी, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्या ठेवल्या. एक मल्टिमीटर समांतर जोडून विभवांतर मोजलं, दुसरा एकसर जोडून धारा. शक्ती P = V × I या सूत्राने काढली. बल्ब नसताना विभवांतर ७.० व्होल्ट होतं. खालचे आकडे सरासरीचे आहेत.

| एलईडी | विभवांतर (व्होल्ट) | धारा (मिलिअँपिअर) | शक्ती (मिलिवॅट) |
|---|---|---|---|
| १ | ६.६ | १६ | १०६ |
| २ | ६.३ | ३० | १८९ |
| ४ | ५.७ | ५० | २८५ |
| ८ | ५.१ | ७६ | ३८८ |

बल्ब आठपट केले तरी शक्ती चौपटही झाली नाही. धारा वाढली की कॉइलच्या स्वतःच्या रोधात जास्त व्होल्ट खर्च होतात, म्हणून प्रत्येक एलईडी थोडी मंदावते. चार एलईडींच्या वेळी १.३ व्होल्ट असे गेले. त्यांना ०.०५ अँपिअरने भागलं की २६ ओहम येतात, आणि मल्टिमीटरने कॉइलचा रोध थेट मोजला तेव्हा २५ ओहम आला. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकच आकडा आला, तेव्हा आमचा मोजमापावर विश्वास बसला.

चार एलईडी ठेवून वेग मिनिटाला ९० फेऱ्यांवर नेला तर ८.२ व्होल्ट आणि ९३ मिलिअँपिअर मिळाले. वेग दीडपट, पण शक्ती सुमारे २.७ पट! सुमारे ३ व्होल्ट झाल्याशिवाय पांढरी एलईडी नीट लागत नाही. तेवढे आधी गेले की वाढलेला प्रत्येक व्होल्ट धारा वाढवायच्या कामी येतो. मात्र इथे एका एलईडीतून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त धारा जाते, म्हणून हे मोजमाप चटकन आटोपलं.

आता हाताची शक्ती. एकेक एलईडी चालू करत गेलं की हँडल तळहाताला जड लागतं, हे फिरवणाऱ्या प्रत्येकाला कळतं. लेन्झचा नियम असा हाताला जाणवतो: प्रेरित धारा तिला निर्माण करणाऱ्या गतीलाच विरोध करते. पण ‘जड लागतं’ हे काही मोजमाप नव्हे. म्हणून हँडल काढून ४ सेंटिमीटर व्यासाचं रीळ बसवलं, डायनॅमो जिन्याच्या कठड्याला घट्ट बांधला आणि रिळावर गुंडाळलेल्या दोरीला पाण्याची बाटली लटकवली. आता हाताऐवजी गुरुत्वाकर्षण डायनॅमो फिरवणार! सुरुवातीचा अर्धा मीटर वेग स्थिर व्हायला सोडला आणि पुढचा १ मीटर ८ सेकंदांत उतरेल इतकं पाणी कमी-जास्त केलं. या वेगाला सेकंदाला एक फेरी होते, म्हणजे आधीचाच वेग.

चार एलईडी चालू असताना बाटली पाण्यासकट ८०० ग्रॅम लागली: ०.८ × ९.८ × १ ÷ ८ = ०.९८ वॅट. सगळ्या एलईडी बंद ठेवल्या तर त्याच वेगाला ५१० ग्रॅम पुरले, म्हणजे सुमारे ०.६२ वॅट. ही शक्ती गिअर आणि घर्षणातच संपते. मधल्या २९० ग्रॅम पाण्याचे होतात सुमारे ०.३५५ वॅट, आणि वीज तयार करायची किंमत तेवढीच. त्यातले ०.२८५ वॅट बल्बांच्या परिपथात सापडले, सुमारे ०.०६५ वॅट कॉइल तापवण्यात गेले. हिशेब इतका जुळेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. या प्रकल्पातला आमचा सगळ्यात आवडता भाग हाच.

एकूण कार्यक्षमता २९ टक्के आली. प्रत्यक्ष एलईडींना त्यातलेही ०.१५ वॅटच मिळतात, बाकीचे त्यांच्या रोधांत उष्णता होऊन जातात. तोटा कमी करायचा तर आधी गिअरकडे पाहायला हवं, कारण सर्वांत मोठी गळती तिथे आहे. दोन-दोन एलईडी एकसर जोडल्या तर रोधांतली गळतीही घटेल, पण त्यांना ६ व्होल्ट लागतात, म्हणजे हँडल मिनिटाला ६० पेक्षा वेगाने फिरवावं लागेल.

बघायला येणारे बहुतेक जण विचारतात, “यावर मोबाइल चार्ज होईल का?” साध्या चार्जरला ५ व्होल्ट आणि १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट लागतात. चार एलईडींच्या वेळी मिळालेल्या शक्तीच्या ते सतरापटींहून जास्त आहे.