दहावी बोर्ड परीक्षा 2026 : शनिवार-रविवारच्या जादा तासांची सूचना

दि. 26 डिसेंबर 2025
इयत्ता दहावी (मराठी माध्यम व सेमी इंग्रजी), सातारा शाखा

सर्व विद्यार्थी व पालकांना कळवण्यात येते की, बोर्डाची लेखी परीक्षा 20 फेब्रुवारीपासून सुरू होत असल्याने गणित आणि विज्ञान या विषयांचे जादा तास शनिवार 3 जानेवारी ते शनिवार 14 फेब्रुवारी या काळात घेतले जातील. एकूण 7 शनिवार आणि 6 रविवार, म्हणजे 13 दिवस. रविवार 15 फेब्रुवारीला महाशिवरात्रीची सुट्टी राहील. सोमवार ते शुक्रवारचे नेहमीचे तास आहेत तसेच चालू राहतील. जादा तासांसाठी वेगळी फी नाही.

बॅचच्या वेळा

शनिवार, बॅच अ (मराठी माध्यम) : दुपारी 1.30 ते 4.30
शनिवार, बॅच ब (सेमी इंग्रजी) : दुपारी 4.45 ते संध्याकाळी 7.45
रविवार, दोन्ही बॅच : सकाळी 11.00 ते 1.10 पेपर, 1.10 ते 1.45 डबा, 1.45 ते 3.15 पेपरवर चर्चा

शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे बॅच अ ची वेळ जेवून येता येईल अशी ठेवली आहे. कोरेगाव, मेढा किंवा वाईकडून एसटीने येणाऱ्या सेमीच्या मुलांना 7.45 नंतर गाडी मिळणार नसेल, तर त्यांनी बॅच अ मध्ये बसावे. दोन्ही बॅचना धडे तेच आहेत, फक्त संज्ञा दोन्ही भाषांत सांगितल्या जातील. बॅच ब सुटताना मुलींना न्यायला कोण येणार, त्यांचे नाव पालकांनी आधी कार्यालयात नोंदवावे. नोंद नसलेल्या व्यक्तीबरोबर मुलीला पाठवले जाणार नाही.

काय शिकवणार

शनिवारी ज्या धड्यांची तयारी होईल, रविवारचा पेपर त्याच विषयाचा असेल. शनिवार चुकवून रविवारी आलेल्या मुलाचा पेपर निम्म्यावर अडतो आणि चर्चेत तो नुसती उत्तरे उतरवून घेतो. हे टाळायचे असेल तर दोन्ही दिवस एकत्रच धरा.

3 व 4 जानेवारी : बीजगणित. वर्गसमीकरणे, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजनातील जीएसटी व शेअर्सची उदाहरणे
10 व 11 जानेवारी : भूमिती. वर्तुळ, भौमितिक रचना
17 व 18 जानेवारी : विज्ञान भाग 1. गुरुत्वाकर्षण, उष्णता, भिंगांची उदाहरणे व किरणाकृती
24 व 25 जानेवारी : विज्ञान भाग 2. आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण
31 जानेवारी व 1 फेब्रुवारी : बीजगणित, दुसरी फेरी. संभाव्यता, सांख्यिकी, आलेख
7 व 8 फेब्रुवारी : भूमिती, दुसरी फेरी. समरूपता, त्रिकोणमिती, महत्त्वमापन
14 फेब्रुवारी : फक्त शंका. नवीन काही शिकवले जाणार नाही

रविवारचा पेपर 11 वाजताच का, असे काही पालकांनी विचारले. बोर्डाचा सकाळच्या सत्राचा पेपर त्याच वेळी सुरू होतो. प्रत्येक पेपर 40 गुणांचा, 2 तासांचा, आणि शेवटी बोर्ड देते तशी 10 मिनिटे जास्तीची. घरी पंख्याखाली बसून, मध्ये उठून सोडवलेल्या पेपरात वेळेचा अंदाज येत नाही. सहामाहीच्या पेपरात सगळ्यात जास्त गुण गेले ते येत असलेले प्रश्न वेळेअभावी राहिल्याने.

गणिताच्या पेपरात प्रश्न 1 आणि 2 मिळून 20 गुणांचे आहेत. ते 50 मिनिटांत संपलेच पाहिजेत. प्रश्न 3 ला 30 मिनिटे, प्रश्न 4 ला 25, प्रश्न 5 ला 10. मग तपासायला 5 मिनिटे आणि वरची 10 उरतात. बहुतेक मुले प्रश्न 2 मध्येच अडकतात, कारण 'कोणतेही चार' सोडवा म्हटल्यावर पाचही सोडवत बसतात. आधी पाचही वाचा, एकावर फुली मारा आणि पुढे चला. प्रश्न 4 मधील उदाहरण 5 मिनिटांत सुचले नाही तर जागा सोडून पुढचे घ्या. एकाच उदाहरणाशी अर्धा तास झटापट करून पेपर हातचा जातो.

भौमितिक रचनेत हमखास जाणारे गुण वेगळे आहेत. पेन्सिल बोथट असली की कंस जाड येतात, दोन कंसांचा छेदनबिंदू नेमका ठरत नाही आणि स्पर्शिका वर्तुळाला छेदून जाते. आधी कच्ची आकृती काढा, पेन्सिल टोकदार ठेवा, कंपासचा स्क्रू घट्ट करून घ्या आणि रचनेचे कंस खोडू नका. विज्ञानात उदाहरण बरोबर येऊनही एकक लिहायचे राहते, किरणाकृतीत बाण राहतात. तपासताना या दोन्ही चुकांचे गुण कापले जातील.

हजेरी

13 पैकी किमान 11 दिवस हजेरी आवश्यक आहे आणि 6 पेपरांपैकी किमान 5 दिलेले असले पाहिजेत. 16 ते 18 फेब्रुवारीला होणाऱ्या शंका-समाधानाच्या छोट्या गटांत (प्रत्येकी 8 मुले) एवढी हजेरी असणाऱ्यांनाच आधी जागा मिळेल.

शनिवारी तास सुरू झाल्यावर 10 मिनिटांपर्यंत आलेल्याची पूर्ण हजेरी लागेल, त्यानंतर आलेल्याची अर्धी. रविवारी 10.45 ला जागेवर बसावे. उशिरा आलेल्याला पेपर मिळेल, पण वेळ वाढवून मिळणार नाही. पेपर न देता नुसते चर्चेला आल्यास त्या दिवसाची हजेरी धरली जाणार नाही. चर्चेआधी निघून गेल्यास अर्धाच दिवस धरला जाईल, कारण खरा उपयोग स्वतःची चूक फळ्यावर सुटताना पाहण्यात आहे.

शाळेची पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा त्याच दिवशी आली तर शाळेचे वेळापत्रक आदल्या दिवसापर्यंत कार्यालयात दाखवावे. ती रजा गैरहजेरीत धरली जाणार नाही आणि चुकलेला पेपर पुढच्या बुधवारी संध्याकाळी 6 ला देता येईल. आजारपणात पालकांचा फोन पुरेसा आहे. ताप असताना मुलाला पाठवू नका. लग्न, वास्तुशांत, सहल यांसाठी रजा मंजूर होणार नाही. न कळवता दोन दिवस गैरहजर राहिल्यास पालकांना भेटीस बोलावले जाईल. गैरहजेरीचा निरोप दर वेळी अर्ध्या तासात पालकांच्या मोबाईलवर जाईल, त्यामुळे नंबर बदलला असल्यास तो आधी कळवा.

सोबत आणायचे

निळे किंवा काळे दोन पेन, टोकदार पेन्सिल, खोडरबर, पट्टी, कंपास, कोनमापक, आलेख कागद, बालभारतीचे त्या दिवसाचे पाठ्यपुस्तक, पाण्याची बाटली आणि रविवारी डबा. कॅल्क्युलेटर आणू नये. मोबाईल आणल्यास बंद करून दाराजवळच्या पेटीत ठेवावा लागेल. उत्तरपत्रिका क्लास देईल. तपासलेला पेपर पुढच्या शनिवारी मिळेल (8 फेब्रुवारीचा 14 ला). त्यातील चुकलेली उदाहरणे वहीत पुन्हा सोडवून मगच पुढच्या पेपरला बसायचे आहे.

पालकांनी खालची संमतीची चिठ्ठी सही करून बुधवार 31 डिसेंबर रोजी रात्री 8 पर्यंत कार्यालयात द्यावी. बॅच बदलायची असल्यास चिठ्ठीवरच कारण लिहावे. 1 जानेवारीनंतर बॅच बदलून मिळणार नाही. कार्यालय सोमवार ते शनिवार दुपारी 4 ते रात्री 8 उघडे आहे.

वर्गप्रमुख, दहावी विभाग