श्रुती, चावीसोबत ही चिठ्ठीसुद्धा तुझीच

श्रुती,

सामान वर आणताना दमली असशील. आधी चहा कर. साखर निळ्या डब्यात आहे, दूध फ्रिजच्या दारात. मी रात्रपाळीला गेले आहे, उद्या सकाळी नऊच्या सुमाराला भेटू.

पहिल्यांदा झोपेचं सांगते, कारण माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. मी इस्पितळात नर्स आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस मला रात्रपाळी असते आणि त्या दिवशी सकाळी साडेनऊ ते तीन ही माझी रात्र. आधीच्या घरी एकदा सकाळभर शेजारच्या खोलीत पाहुणे होते, त्यामुळे जेमतेम दोन तास डोळा लागला. त्या रात्री वॉर्डात प्रत्येक इंजेक्शनचा डोस मी तीन-तीनदा तपासत होते, भीतीनं. तसं पुन्हा व्हायला नको. मी झोपलेली असले की माझ्या दाराच्या कडीला पिवळी रिबन बांधलेली दिसेल. तेवढा वेळ मिक्सर आणि वॉशिंग मशीन नको. फोनवर बोलायचं असेल तर बाल्कनीत जा आणि मधलं दार ओढून घे. चालण्या-फिरण्याचा, भांड्यांचा आवाज मला मुळीच लागत नाही, त्यामुळे चोरपावलांनी वावरू नकोस. माझ्या पाळ्यांचा कागद फ्रिजवर लावला आहे.

एरवी रात्री दहा ते सकाळी सहा आपण दोघीही आवाज बेतानं ठेवू. तुझं ऑफिसचं काम रात्री चालत असेल तर खुशाल हॉलमध्ये बस, फक्त हेडफोन लाव. दुपारी दोन ते चार खालच्या आंटी झोपतात. त्या घरमालकीण आहेत आणि पर्वरीत मला माणूस म्हणून पहिला आधार त्यांनीच दिला. तुला कोल्हापूरहून आल्यावर नवल वाटेल, पण इथे दुपारी बरीच दुकानंही बंद असतात. दोन दिवसांत सवय होते.

घरकामाचं मी वेळापत्रक करत नाही. जिनं स्वयंपाक केला तिनं ओटा पुसायचा, दुसरीनं भांडी घासायची. केर रोज जिला सवड असेल ती काढेल. फरशी बुधवारी मी पुसते, रविवारी तू पुस. बाथरूम आळीपाळीनं. सिलिंडर, वीज आणि पाव यांचा खर्च अर्धा-अर्धा. हिशेब स्वयंपाकघरातल्या वहीत लिहू. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी भोंगा वाजवत येतो. गेटच्या खिळ्याला पिशवी अडकवलेली असते, त्यात तो चार उंडे, म्हणजे गोल कडक पाव, टाकतो. तुला कोंड्याचा पाव, म्हणजे पोयी, हवी असेल तर त्याला सांग.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र मी काटेकोर आहे. ओला वेगळा, सुका वेगळा, नाहीतर गाडीवाले तो नेत नाहीत. मासळी साफ केली की डोकी-शेपट्या पिशवीत बांधून फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या आणि गाडी आली की काढायच्या. नाहीतर मांजरं सगळं जिनाभर पसरवतात. तू मासळी खात नसशील तर सांग, तुझा तवा आणि कढई वेगळी ठेवू. यात संकोच नको.

सध्या पावसाळा आहे, म्हणून कपाटाचं दार दिवसातून थोडा वेळ उघडं ठेव. चामड्याची पर्स, चपला, पुस्तकं यांना बुरशी आठवड्यात धरते. कपडे हॉलमधल्या स्टँडवर पंख्याखाली वाळव. तो पंखा आपल्या दोघींचा.

आता पाहुणे. तू गोव्यात राहतेस हे कळलं की शाळेतल्या मैत्रिणींपासून आत्येभावांपर्यंत सगळ्यांना तुझी आठवण होईल, डिसेंबरात तर हमखास. माणसं येऊ देत, मला घर भरलेलं आवडतं. फक्त दोन दिवस आधी सांग, म्हणजे मला पाळी बघता येईल. एका वेळी दोघांपेक्षा जास्त नकोत, कारण गादी एकच आहे. दोन रात्रींपेक्षा जास्त राहणार असतील तर आधी बोलू. मित्र आला तरी मला अडचण नाही, पण रात्री कुणी राहणार असेल तर मला माहीत असावं. त्यांच्या गाड्या आंटींच्या गेटसमोर नकोत. तुझा स्वतःचा भाडेकरूंचा पोलीस पडताळणीचा फॉर्म आंटींकडे आहे. आधारची प्रत आणि फोटो याच आठवड्यात त्यांना दे.

चवथीला मी पेडण्याला घरी जाते. तुला कोल्हापूरला जायचं नसेल तर माझ्यासोबत चल, आईला आधीच सांगून ठेवलंय. गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधायला हात कमीच पडतात.

यातलं काही जड वाटलं तर लगेच बोल. मनात ठेवून कुढू नकोस, मीही ठेवणार नाही. तुझ्या सवयी मला अजून माहीत नाहीत, त्या उद्या चहावर सांग.

फ्रिजमध्ये बांगड्याचं हुमण आणि सोलकढी आहे. सोलकढी आजच संपव, उद्यापर्यंत राहणार नाही.

तुझी,
मेधा