विषय: सोमवारपासून मी रजेवर, परचेसचं हँडओव्हर

प्रिया, बॉक्सवाल्यांकडे 2,000 कार्टनची पीओ ओपन आहे, अर्धा माल आलाय, उरलेला गुरुवारी येईल पण बुधवारीच फोन कर, ते स्वतःहून कळवत नाहीत. लुधियानाचे बोल्ट ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, एलआर मेलला जोडलीय.

पेमेंटमध्ये भोसरीच्या प्लेटिंगवाल्यांचे 84,600 सगळ्यात अर्जंट, ते एमएसएमईत रजिस्टर्ड आहेत आणि 45 दिवस शुक्रवारी संपतात, त्यामुळे अकाउंट्सच्या मागे लागच, छोटं युनिट आहे, पगार अडकतात त्यांचे. पेंटवाल्यांचं बिल मात्र सोडू नकोस, रिजेक्ट मालाची क्रेडिट नोट बाकी आहे.

प्लेटिंगला सुनीलभाऊ, बॉक्सला मेहतांशी बोल, नंबर शेअर्ड शीटमध्ये आहेत. लाइन थांबायची वेळ आली तर मला बिनधास्त कॉल कर.

स्नेहल